शेवटच्या राऊंडनंतर नकार आला, आता एचआरकडून उपयोगी फीडबॅक कसा काढायचा

"सर, मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली होती. तरी मला का घेतलं नाही, कृपया कारण कळवावे." शिरवळच्या एका कारखान्यात एचआरला असताना असे मेल मला सतत यायचे. लिहिणारी मुलं चांगली असायची. तीन-तीन राऊंड पार करून प्लांट हेडच्या केबिनपर्यंत पोचलेली असायची. त्यातल्या बहुतेक मेलना मी उत्तर दिलं नाही. आता साताऱ्यात मुलांची मुलाखतीची तयारी करून घेतो, तर तीच मुलं समोर बसून सांगतात, "विचारलं होतं सर, पण उत्तरच आलं नाही." त्यांनी विचारलं होतं हे खरं आहे. चुकला होता तो विचारायचा क्रम आणि प्रश्नाचे शब्द.

इथे फक्त शेवटच्या राऊंडनंतरच्या नकाराबद्दल लिहितोय. बायोडेटा पाहूनच नकार आला असेल तर फीडबॅकच्या मागे लागू नका. त्या टप्प्यावर एचआरकडे तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. शेवटच्या राऊंडला मात्र दोघं-तिघंच उरलेले असतात, तुमच्याबद्दल बोलणं झालेलं असतं आणि कारण बहुधा एखाद्याच मुद्द्यावर येऊन थांबलेलं असतं. तेवढा मुद्दा हाती लागला तरी पुरे.

## आधी हे बघा: एचआरकडे असतं तरी काय

प्रत्येक राऊंडनंतर पॅनेलवाले एक फॉर्म भरतात. टेक्निकल, कम्युनिकेशन, ॲटिट्यूड असे रकाने, समोर गुण, आणि खाली शेऱ्याची एक ओळ. पहिल्या-दुसऱ्या राऊंडचा फॉर्म नीट भरलेला असतो. शेवटच्या राऊंडचा बऱ्याचदा नसतो. प्लांट हेड केबिनमधून बाहेर येता येता दोन वाक्यं बोलतात, एचआर ती आपल्या शब्दांत टिपून ठेवतो, आणि तोच तुमचा शेरा होतो.

म्हणजे एचआरला तो शेरा माहीत असतो, दुसऱ्या उमेदवाराशी तुलना कशावरून झाली ते माहीत असतं, आणि सीटीसी, नोटीस पिरियड, गाव हे व्यवहाराचे मुद्दे माहीत असतात. तुमचं कोणतं टेक्निकल उत्तर कुठे चुकलं, हे त्याला सांगता येत नाही, कारण तो बहुधा त्या विषयातला नसतो. "माझं काय चुकलं?" असं विचारलंत की तुम्ही त्याच्याकडे नेमकी तीच गोष्ट मागता जी त्याच्याकडे नाही.

दुसरी अडचण लेखी उत्तराची. नाकारण्याचं कारण मेलवर लिहून देऊ नका, असं बहुतेक कंपन्यांत एचआरला सांगितलेलं असतं. लिहिलेलं वाक्य उद्या कोणी पुढे करील, वाद घालील, अशी भीती असते. म्हणून मेलवर कारण मागितलं की एक तर उत्तर येत नाही, नाही तर "वी विल कीप युवर प्रोफाइल" छापाचं ठरलेलं उत्तर येतं. त्याच एचआरला दहा मिनिटं फोनवर गाठा, तो मोकळेपणानं बोलतो.

## १. निकालाची वाट न पाहता त्याच संध्याकाळी लिहून काढा

ही पायरी नव्वद टक्के मुलं गाळतात, असं मी म्हणतो ते माझ्यासमोर बसणाऱ्यांना पाहून. पुढे जो फीडबॅक मिळणार आहे तो एक-दोन मोघम शब्दांचा असणार. त्या शब्दांना अर्थ तुमच्या वहीतल्या नोंदींमुळेच येणार. नकार चार-सहा दिवसांनी येतो, आणि तोवर मुलाखतीतले प्रश्न डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेले असतात.

शिरवळहून एसटीत बसलात तर खंबाटकी घाट चढेपर्यंत हे लिहून होतं. कोणी काय विचारलं, शक्यतो त्याच्याच शब्दांत. तुम्ही उत्तराची सुरुवात कशानं केलीत. समोरच्यानं कुठे अडवून उपप्रश्न विचारला. कुठे मान हलवली, कुठे विषय बदलला. पगार, नोटीस पिरियड आणि राहण्याच्या जागेबद्दल तुम्ही नेमके कोणते शब्द वापरलेत. "मुलाखत छान झाली" असं लिहू नका, त्याचा पुढे काही उपयोग नाही.

तपासा: उपप्रश्न जिथे आला त्या जागेवर खूण केली आहे का? शेवटच्या राऊंडला माणूस उगाच उपप्रश्न विचारत नाही.

## २. तुमच्याशी बोलणारा कोण आहे ते ठरवा

कंपनीचाच एचआर असेल तर त्यानं शेरा स्वतः ऐकलेला किंवा वाचलेला असतो. तो कमी बोलेल, पण जे बोलेल ते मुळाजवळचं असेल.

कन्सल्टन्सीवाला असेल तर गणित वेगळं. माणूस रुजू झाला की त्याला कंपनीकडून फी मिळते, म्हणून तुम्हाला दुसरीकडे बसवण्यात त्याचाही फायदा असतो. तो मोकळं बोलतो. पण त्याच्यापर्यंत आलेलं कारण आधीच एका हातातून पुढे आलेलं असतं, आणि तो त्यात स्वतःची भर घालतो. त्याला एक प्रश्न जास्तीचा विचारा: "कंपनीकडून तुम्हाला मेलमध्ये काय शब्द आले होते?" मग त्याचं मत आणि कंपनीचा शेरा वेगळे काढता येतात.

सावध: कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर त्याला टाळून थेट कंपनीच्या एचआरला फोन करू नका. त्याचं कंपनीशी नातं बिघडतं आणि तुमचे दोन्ही रस्ते बंद होतात.

आपल्याकडची आणखी एक सवय. "माझ्या मावसभावाचा मित्र त्याच प्लांटला स्टोअरमध्ये आहे, त्याला विचारायला सांगतो." हे करू नका. स्टोअरमधल्या माणसाला आतलं काही माहीत नसतं, तो कोणाला तरी विचारतो, आणि संध्याकाळपर्यंत एचआरच्या कानावर जातं की हा उमेदवार ओळखीतून माहिती काढतोय. पॅनेलमधल्या साहेबांना लिंक्डइनवर मेसेज टाकणं हाही तोच प्रकार.

## ३. पहिला मेल: फक्त फोनची वेळ मागा

नकार आला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मेल जायला हवा. आठवडा गेला की एचआर पुढच्या पाच जागांत गुंतलेला असतो आणि तुमचा चेहराही त्याला आठवत नाही. पण रागात, रडवेलं होऊन रात्री अकराला पाठवू नका. रात्री लिहा, सकाळी वाचा, मग पाठवा.

मेलमध्ये कारण विचारायचं नाही. मजकूर एवढाच ठेवा. इंग्रजीत पाठवणार असाल तरी क्रम हाच:

> नमस्कार मॅडम,
> निर्णय कळवल्याबद्दल आभार. निर्णय मला मान्य आहे, फेरविचाराची विनंती करण्यासाठी हा मेल नाही.
> पुढच्या तयारीसाठी दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत. उद्या किंवा परवा दुपारी ३ नंतर दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का? लेखी काही नको.
> आपल्याला सोयीची वेळ कळवा, मी फोन करेन.

मेल येताच एचआरच्या मनात पहिली शंका येते की हा भांडायला आलाय, नाही तर पुन्हा संधी मागायला आलाय. "फेरविचाराची विनंती नाही" या वाक्यानं ती जाते. दुसरी भीती लेखी उत्तराची असते, ती "लेखी काही नको" यानं जाते. आणि दहा मिनिटं म्हटल्यामुळे त्याला हे काम आजच्या आज उरकण्यासारखं वाटतं. ही तीन वाक्यं काढून टाकलीत तर मेल पुन्हा नेहमीसारखा होतो.

वेळही बघा. कारखान्यातला एचआर महिनाअखेरीला हजेरी आणि पगाराच्या कामात बुडालेला असतो. सकाळची शिफ्ट सुरू होताना त्याच्यामागे दहा माणसं उभी असतात. दुपारी तीनच्या पुढे तो जरा मोकळा होतो. एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी रविवारचीच असेल असंही नाही, ती आधी बघून घ्या.

तपासा: मेलमध्ये "का", "तरीसुद्धा", "अपेक्षित नव्हतं" असा एखादा शब्द राहिलाय का? असेल तर काढा. सीसीमध्ये दुसरं कोणी नको.

## ४. फोन: तीन प्रश्न, याच क्रमानं

वही समोर, पेन हातात, जागा शांत. पोवई नाक्यावर उभं राहून हा फोन होत नाही.

पहिला प्रश्न: "कारण माझ्या मुलाखतीत होतं, की पोस्टच्या बाजूनं काही बदललं?"

हा पहिलाच हवा, कारण यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. शेवटच्या राऊंडनंतर जागाच होल्डवर जाते, आतलाच माणूस बढतीवर घेतात, बजेट कमी होतं. असं काही असेल तर तुमच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, आणि उगाच महिनाभर स्वतःला पोखरत बसण्याचं कारण नाही. एचआरलाही हा प्रश्न सोपा जातो. दोन पर्याय दिलेले आहेत, त्यातला एक उचलायचा, तुमच्यावर टीका करायला लागत नाही.

दुसरा प्रश्न: "शेवटच्या राऊंडनंतर सरांनी माझ्याबद्दल काय शेरा दिला, त्यातला शब्द आठवतो का?"

मत नका मागू, शब्द मागा. मत मागितलं की एचआर गोड बोलतो. शब्द मागितला की तो समोरचा फॉर्म उघडतो. शब्द मिळाला की लगेच जोडप्रश्न: "हे कोणत्या विषयावर बोलताना वाटलं, त्याबद्दल सर काही बोलले का?" मोघम शब्दाला धरून आत जायची वाट हीच आहे.

तिसरा प्रश्न: "ज्यांना घेतलं त्यांच्याकडे माझ्यापेक्षा कोणती एक गोष्ट जास्त होती? नाव नको, अनुभव कशातला होता तेवढंच."

"एक" हा शब्द गाळू नका. एकच मागितलं की माणूस सगळ्यात मोठा फरक सांगतो.

एचआर अजून बोलायच्या मूडमध्ये असेल तरच सीटीसी आणि नोटीस पिरियडचा प्रश्न काढा: "पगाराची अपेक्षा किंवा नव्वद दिवसांची नोटीस आड आली का?" सुरुवातीला काढलात तर त्याला आयतं कारण मिळतं. तो म्हणतो, "हो, नोटीस जरा जास्त होती", आणि खरं कारण आत राहतं.

प्रश्न विचारला की गप्प बसा. पाच आकडे मोजा. समोरचा शब्द शोधत असतो, त्या शांततेत आपणच बोलायला लागलो तर त्याला सुटका मिळते. उत्तर आलं की "हो मॅडम, लिहून घेतेय" एवढंच.

सावध: "पण मी तर सांगितलं होतं की…" हे वाक्य तोंडातून निघालं की फोन संपला समजा. पटलं नाही तरी लिहून घ्या. "पगार कमी चालेल" हेही इथे नको, मेलमध्ये दिलेला शब्द मोडल्यासारखं होतं.

## ५. मोघम शब्दाचा अर्थ लावणं: एक उदाहरण

कोरेगावकडची एक मुलगी माझ्याकडे येते. सातारा एमआयडीसीत मशीनिंगच्या युनिटमध्ये क्वालिटीला चार वर्षं झालीत. शिरवळला सप्लायर क्वालिटीच्या सीनियर इंजिनीअरच्या जागेसाठी तीन राऊंड दिले, शेवटचा प्लांट हेडसोबत. पाचव्या दिवशी नकार. वरच्यासारखा मेल पाठवला, दुसऱ्या दिवशी साडेतीनला फोन झाला. तिनं वहीत उतरवलेलं संभाषण असं:

"मॅडम, कारण माझ्या मुलाखतीत होतं, की पोस्टच्या बाजूनं काही बदललं?"

"नाही, पोस्ट भरली. तुमचं टेक्निकल चांगलंच होतं खरं तर."

"शेवटच्या राऊंडनंतर सरांनी काय शेरा दिला, शब्द आठवतो का?"

"थांबा हं… थिअरेटिकल अप्रोच, असं लिहिलंय."

"हे कोणत्या विषयावर बोलताना वाटलं, सर काही बोलले का?"

"ते लाईनचं काही तरी होतं. लाईन थांबायची वेळ आली तर काय कराल, असं विचारलं होतं ना तुम्हाला?"

"हो, विचारलं होतं. आणि ज्यांना घेतलं त्यांच्याकडे माझ्यापेक्षा कोणती एक गोष्ट जास्त होती?"

"ते तीन वर्षं सप्लायरकडे रेसिडेंट इंजिनीअर होते."

एवढंच. चार मिनिटंही झाली नाहीत. ती माझ्याकडे आली ती ग्रीन बेल्टचा कोर्स लावायचं ठरवूनच. शेरा "थिअरेटिकल" होता, म्हणजे आपल्याला अजून शिकायला हवं, असा तिनं अर्थ काढला होता. मी म्हटलं, आधी वही उघड.

मुलाखतीच्या संध्याकाळची नोंद होती: "सप्लायरच्या लॉटमध्ये बोअर ओव्हरसाइज निघाला. लाईनवर दोन तासांचा स्टॉक. काय कराल? मी: लॉट रिजेक्ट करून सप्लायरकडून एट-डी रिपोर्ट मागवणार, रूट कॉज काढणार. सर: आणि लाईन? मी: सप्लायरला नवा लॉट पाठवायला सांगणार." उपप्रश्नावर खूण होती.

उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्यात ते दोन तास कुठेच नव्हते. एट-डी म्हणजे दोष सोडवायची आठ पायऱ्यांची पद्धत, आणि तिच्यात मूळ कारण शोधण्याच्या आधी तिसरी पायरी तात्पुरत्या अटकावाची असते. संशयित माल बाजूला काढायचा, स्टोअरमध्ये, लाईनवर आणि वाटेत गाडीत किती आहे ते बघायचं, माणसं लावून प्लग गेजनं शंभर टक्के सॉर्टिंग करायचं, चांगले नग मोकळे करून लाईन चालू ठेवायची, आणि आधीच जोडणी होऊन पुढे गेलेल्यात असे किती गेले तेही तपासायचं. मी विचारलं, "तुझ्या कंपनीत असं झालं तेव्हा तू काय केलंस?" तिनं हे सगळं क्रमानं घडाघडा सांगितलं. मागच्या दिवाळीच्या आधी रात्रपाळीला थांबून तिनं स्वतः सॉर्टिंग करून घेतलं होतं. मुलाखतीत मात्र ती रिपोर्टच्या भाषेत बोलली.

म्हणजे ज्ञान कमी नव्हतं, कोर्सची गरज नव्हती. "असं झालं तर काय कराल" या प्रकारच्या प्रश्नाला पहिल्या तासापासून सुरुवात करायची, आणि त्यात स्वतः केलेला एक प्रसंग सांगायचा, एवढीच दुरुस्ती. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातूनही तेच कळत होतं. निवडलेला माणूस सप्लायरच्या शॉपमध्ये उभं राहून काम केलेला होता. त्याची तीन वर्षं तिला आज आणता येणार नाहीत, पण रात्रपाळीचं ते सॉर्टिंग सांगता येईल.

असेच आणखी दोन शब्द नेहमी येतात. "कम्युनिकेशन" असा शेरा आला की आपली मुलं इंग्रजीच्या क्लासला पळतात. मी फॉर्म भरून घेत होतो तेव्हा या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा वेगळा असायचा: विचारलं एक, उत्तर लांबलं, मुद्दा शेवटी आला किंवा आलाच नाही. वहीत पाहा, समोरच्यानं तुम्हाला मध्येच तोडलं होतं का?

दुसरा शब्द "स्टॅबिलिटी". साताऱ्याच्या मुलांच्या बाबतीत यात नोकऱ्या बदलण्याइतकाच गावाचा प्रश्न असतो. चाकणची जागा असेल आणि "राहणार कुठे?" यावर तुम्ही "बघू, सुरुवातीला जाऊन-येऊन करीन" म्हणाला असाल, तर समोरच्यानं तिथेच ठरवलेलं असतं की हा सहा महिन्यांत सोडणार. इथे दुरुस्ती उत्तराची नाही. तिकडे राहायला जायचं की नाही, हे घरी बसून खरंच ठरवायचं आहे.

तपासा: मिळालेला शब्द वहीतल्या एखाद्या प्रश्नाला जाऊन चिकटतो का? चिकटला तर कामाला लागा. कुठेच चिकटत नसेल, तर तो नुसता सभ्यपणाचा शब्द असू शकतो. लिहून ठेवा, दुसऱ्या कंपनीतूनही तोच आला तर मनावर घ्या. एका शेऱ्यावरून सगळी तयारी उलटीपालटी करू नका.

## ६. उत्तरच आलं नाही तर

चार-पाच कामाचे दिवस थांबा आणि त्याच मेलवर दोन ओळींची आठवण द्या. त्यात फोनची वेळ पुन्हा न मागता फक्त एक प्रश्न लिहा: "फोन शक्य नसेल तर मी कोणत्या एका विषयावर तयारी वाढवावी, एवढं कळवलंत तरी चालेल." "नाकारण्याचं कारण" लिहून द्यायला बंदी असते, "तयारीचा विषय" सांगायला सहसा अडचण नसते. यावर एका शब्दाचं उत्तर आलं तरी ते कामाचं आहे.

त्यानंतरही शांतता असेल तर थांबा. तिसरा मेल नको, व्हॉट्सॲपवर निळ्या टिका बघत बसणं नको, दुसऱ्या नंबरवरून फोन तर अजिबात नको. काही कंपन्यांत फीडबॅक द्यायचाच नाही असा नियम असतो, तिथे एचआरची इच्छा असूनही काही होत नाही. मग तुमच्याकडे उरते ती तुमची वही. खूण केलेले उपप्रश्न त्या क्षेत्रातल्या एखाद्या सीनियरला दाखवा आणि विचारा, "इथे त्यांना काय ऐकायचं असेल?"

## ७. फोननंतर त्याच दिवशी

दोन ओळींचा आभाराचा मेल पाठवा. फोनवर ऐकलेलं कारण त्यात उतरवू नका. लेखी नको म्हणाला होतात, ते पाळा. "आपण सांगितलेल्या मुद्द्यावर काम सुरू केलं आहे. निवडलेले उमेदवार काही कारणानं रुजू झाले नाहीत तर मी उपलब्ध आहे" एवढं पुरे.

हे शेवटचं वाक्य उगाच नाही. साठ-नव्वद दिवसांच्या नोटीसमध्ये निवडलेला माणूस जुन्या कंपनीनं पगार वाढवला म्हणून थांबतो, किंवा मधल्या काळात दुसरी ऑफर घेतो. असं झालं की एचआर नवी जाहिरात काढायच्या आधी जुनी यादी उघडतो, आणि यादीतल्या दोघांपैकी जो नीट बोलला होता त्याला पहिला फोन लावतो. मी स्वतः असे फोन लावलेत. मात्र दर आठवड्याला "काही अपडेट?" विचारू नका. दोन-अडीच महिन्यांनी, म्हणजे त्या माणसाच्या रुजू होण्याच्या सुमारास, एकदा विचारणं ठीक.

आणि फोन ठेवण्याआधी एक व्यवहाराची गोष्ट विचारून घ्या: याच कंपनीत पुन्हा अर्ज किती महिन्यांनी चालतो? अनेक ठिकाणी सहा महिन्यांची अट असते, आणि त्याआधी केलेला अर्ज सिस्टीममध्येच अडकतो, कोणाच्या नजरेला पडत नाही. उत्तर मिळालं की वहीच्या त्याच पानावर तारीख घाला.